अकरा रात्री आणि एक ‘च’

रात्री साडेअकराला मी तो मसुदा लिहून संपवला, तेव्हा माझ्या मते तो सौम्य होता. रागाचा पहिला भर ओसरला होता. कुणाचं नाव घेतलं नव्हतं, आवाज चढेल असा शब्द वापरला नव्हता, शेवटून दुसऱ्या वाक्यात तर कौतुकही घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला टीमसमोर बोलायचं होतं आणि बोलताना तोल जाऊ नये म्हणूनच तर आधी लिहून काढलं होतं.

घडलं होतं ते असं. आमच्या डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री दोन वाजता आपोआप होतो. म्हणजे होतो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एका ग्राहकाकडून चुकून एका अख्ख्या टेबलातल्या नोंदी उडाल्या आणि त्यांनी कालच्या बॅकअपमधून त्या परत मागितल्या. फोल्डर उघडलं तर सगळ्यात ताजी फाईल अकरा दिवसांपूर्वीची. डिस्क भरली होती, त्यामुळे बॅकअप रोज रात्री सुरू व्हायचा आणि अर्ध्यावर पडायचा. रोज सकाळी तसा अलर्टही येत होता, आमच्या सात जणांच्या सामाईक चॅनेलवर. मग टीममधल्या दोघांनी दोन रात्री जागून लॉगमधून त्या नोंदी एकेक करून उभ्या केल्या. बहुतेक सगळ्या परत आल्या. ग्राहकासमोर मान खाली घालायची ती मी घातली, कारण टीमची प्रमुख मी आहे.

मसुद्यातला मुख्य भाग जसा होता तसा देते.

«गेले अकरा दिवस रोज सकाळी अलर्ट येत असताना तुमच्यापैकी एकालाही तो उघडून बघावासा वाटला नाही आणि ग्राहकाचा फोन येईपर्यंत आपल्याकडे बॅकअप आहे की नाही हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं. बॅकअपवर लक्ष ठेवणं हे आपलं काम आहे, एवढं तरी निदान सगळ्यांना माहीत असेलच. इतकी साधी गोष्ट पुन्हा सांगावी लागत असेल तर अवघड आहे. तुम्ही सगळे मेहनती आहात याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण मेहनत आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही जणांच्या दुर्लक्षामुळे दोघांना दोन रात्री जागावं लागलं, याचा विचार ज्याने त्याने करावा.»

कागदावर वाचताना हे फार काही वाईट वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. झोप येत नव्हती म्हणून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि टीमसमोर बोलायचं तसं मोठ्याने वाचून काढलं. मग दहा मिनिटं काहीतरी दुसरं केलं आणि ते ऐकलं. हे दहा मिनिटांचं अंतर लागतं. लगेच ऐकलं तर आपल्याला आपला हेतूच ऐकू येतो.

पहिलं वाक्य ऐकतानाच मी दचकले. ते लांब होतं, त्यामुळे मधे मला दम पुरला नव्हता. दम कमी पडला की माणूस उरलेलं वाक्य रेटून संपवतो आणि रेटताना आवाज वर जातो. ‘माहीत नव्हतं’पर्यंत पोहोचेस्तोवर माझा आवाज चांगलाच चढला होता. राग शब्दांत कमी आणि श्वासात जास्त होता, पण ऐकणाऱ्याला हा फरक कळायचं कारण नाही. त्याला चढलेला आवाज ऐकू येणार. लिहिलेलं लांब वाक्य डोळा हवा तिथे थांबून वाचतो. बोललेल्या वाक्यात ऐकणाऱ्याच्या हातात काही नसतं.

दुसरं वाक्य त्याहून वाईट निघालं. ते मी चार वेळा ऐकलं. ‘एवढं तरी निदान सगळ्यांना माहीत असेलच.’ यातले ‘एवढं’, ‘तरी’, ‘निदान’ आणि शेवटचा ‘च’ काढून टाका: ‘हे सगळ्यांना माहीत असेल.’ निव्वळ माहिती उरते. म्हणजे वाक्यातलं सगळं विष त्या चार बारक्या गोष्टींत होतं आणि लिहिताना त्यातली एकही मी जाणूनबुजून घातली नव्हती. ती आपोआप आली होती, जशी घरी चिडल्यावर येते. मराठीत टोमणा मारायला वाईट शब्द लागतच नाही, एक ‘तरी’ पुरतो. ‘फोन करायचा होता’ आणि ‘फोन तरी करायचा होता’ यांत किती अंतर आहे ते ज्याला ऐकावं लागलंय त्याला विचारा. कागदावर हे अव्यय डोळ्यांखालून निसटतं. बोलताना मात्र आघात नेमका त्याच्यावर पडतो.

मी लाल पेन घेऊन आख्ख्या मसुद्यातले ‘च’, ‘तरी’, ‘निदान’, ‘सुद्धा’, ‘एवढं’, ‘साधं’, ‘पुन्हा’ हे शब्द गोल करत गेले. एका पानात सतरा निघाले. त्यातले तीन-चार खरे गरजेचे होते. बाकीचे माझ्या चिडचिडीचे होते.

मग कौतुकाचं वाक्य. ‘मेहनती आहात, पण.’ हा ‘पण’ लिहिताना मला मोठा समतोल वाटला होता. ऐकताना कळलं, की ‘पण’ आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. सात माणसं ‘मेहनती आहात’ ऐकताना आधीच ‘पण’ची वाट बघत असतात. त्यातून त्या वाक्याची रचना अशी, की कौतुक हे नुसतं टीकेला उभं राहायचं पायपुसणं झालं होतं. त्याच्याऐवजी दुसरं काहीतरी कौतुक शोधावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, नको. बॅकअप बुडाल्याच्या दिवशी कुणाला कौतुक ऐकायचं नसतं. ते वाक्य सरळ काढलं. दोन रात्री जागलेल्या दोघांचे आभार मानायचे होते, तेही वेगळे मानायचे ठरवलं, नाहीतर ते आभार बाकीच्या पाच जणांच्या डोक्यात मारलेली काठी झाले असते.

शेवटचं वाक्य, ‘काही जणांच्या दुर्लक्षामुळे’. लिहिताना वाटलं होतं, नाव न घेता सांगितलं, केवढा हा सभ्यपणा. पण सात जणांच्या खोलीत ‘काही जण’ म्हटलं की सातही जण हिशोब करायला लागतात. ज्यांनी खरोखर दुर्लक्ष केलं ते म्हणतात, हे मला नसणार. ज्यांचा संबंध नाही ते घरी जाऊन विचार करतात, मला तर नाही ना म्हणाली? नाव घेण्याची हिंमत नाही आणि सोडून देण्याची तयारी नाही, अशी ती मधलीच भानगड असते.

तर इथवर सगळं बरोबर चाललं होतं. रात्री एक वाजता मी दुसरा मसुदा लिहिला आणि त्यात जी चूक केली ती पहिल्या मसुद्यापेक्षा मोठी होती. लाल गोल इतके झाले होते, की मी घाबरून सगळंच मऊ केलं.

«गेल्या काही दिवसांत बॅकअपच्या बाबतीत थोडी गडबड झाली. आपण सगळेच गडबडीत असतो, अशा गोष्टी कधीकधी सुटून जातात. यापुढे आपण सगळ्यांनी थोडं जास्त लक्ष द्यायला हवं. काही शंका असतील तर जरूर विचारा.»

हे मी समाधानाने रेकॉर्ड करून झोपले. ऐकायला गोड होतं, दमही लागत नव्हता. सकाळी आठला दुसऱ्या विभागातल्या एका मैत्रिणीला फोन करून ऐकवलं. तिला आमच्या प्रकरणाची काही माहिती नव्हती, म्हणूनच तिला निवडलं होतं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘छान आहे गं. पण झालं काय नक्की?’’

मी म्हटलं, बॅकअप अकरा दिवस बंद होता.

‘‘अकरा दिवस? मग तू ‘थोडी गडबड’ काय म्हणतेस?’’ आणि थोडं थांबून, ‘‘उद्या सकाळी अलर्ट आला तर कोण उठणार आहे? मला तरी ऐकून कळलं नाही.’’

मुद्दा इथे माझ्या ध्यानात आला आणि माझ्या मते या सगळ्या कामातली अवघड गोष्ट हीच आहे. मी विशेषणं आणि टोमणे काढायच्या नादात वस्तुस्थितीही काढून टाकली होती. अकरा हा आकडा गेला, ग्राहक गेला, दोन रात्री गेल्या. त्यांच्या जागी ‘काही’, ‘थोडी’, ‘कधीकधी’ आलं. खरं तर उलट व्हायला हवं होतं. ‘अकरा रात्री बॅकअप झाला नाही’ हे वाक्य कठोर आहे, पण ते कुणालाही बोचत नाही, कारण ते कुणाच्या स्वभावाबद्दल काही म्हणत नाही. ‘एकालाही बघावासं वाटलं नाही’ हे बोचतं, कारण कुणाला काय वाटलं ते मला माहीतच नव्हतं. मी ते गृहीत धरलं होतं. पहिलं ठेवायचं आणि दुसरं काढायचं. मी दोन्ही काढून बसले होते.

आणि तो ‘आपण’. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत, एकात समोरचा बाहेर आणि दुसऱ्यात आत, ही मोठीच सोय आहे. पण साहेब लोक ‘आपण’चा जो वापर करतात तो टीमला पाठ असतो. ‘आपण हे आज संपवूया’ म्हणजे तू संपव. ‘आपण लक्ष द्यायला हवं’ म्हणजे तुम्ही द्यायला हवं, मी सांगायचं काम केलं. टीका मऊ करायला म्हणून ‘तुम्ही’चा ‘आपण’ केला, तर ज्याला हे पाठ आहे त्याला तो खोटेपणा लगेच कळतो. माझा पुढे नियम असा झाला, की ज्या कामात माझा खरा हात असेल तिथेच ‘आपण’ म्हणायचं. बाकी ठिकाणी ‘मी’ किंवा ‘तुम्ही’, सरळ.

मैत्रिणीच्या फोननंतर मी बैठक दहावरून चारवर ढकलली. कारण तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कोण उठणार, माझ्याकडे नव्हतं. मसुदा बाजूला ठेवला आणि आधी चॅनेल उघडून जुने अलर्ट बघायला बसले. खरं सांगायचं तर हे मी मसुदा लिहिण्याआधी करायला हवं होतं. तिथे दोन ओळी मला दिसल्या.

```
WARN backup_nightly duration above 45m, exit 0
WARN backup_nightly duration above 45m, exit 1
```

पहिली ओळ निरुपद्रवी आहे. बॅकअप झाला, फक्त पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला. डेटा वाढल्यापासून ही ओळ जवळजवळ रोज येत होती. दुसरी ओळ म्हणजे बॅकअप पडला. फरक काय, तर शेवटचा एक आकडा. दोन्हींना एकच पिवळा रंग. त्या चॅनेलवर दिवसाला साठ-सत्तर संदेश येतात. आणि हे अलर्ट आधी ज्याची पाळी असेल त्याच्या ईमेलवर जायचे. ते तीन महिन्यांपूर्वी उचलून सामाईक चॅनेलवर कुणी आणले? मी. ‘सगळ्यांना दिसलं की कुणीतरी बघेल’ असं तेव्हा मीच म्हटलं होतं.

‘एकालाही उघडून बघावासं वाटलं नाही’ या वाक्यावर मी काल रात्री दोन तास घालवले होते, ते बोलायला कसं मऊ करावं म्हणून. ते वाक्य मऊ करायचं नव्हतंच, ते चुकीचं होतं. याचा अर्थ टीमची चूक नव्हती असा नाही. अकरा दिवसांत सात जणांपैकी कुणाच्या तरी डोळ्यांखालून तो शेवटचा ‘1’ हा आकडा गेला असणार. पण आता मला नुसता स्वर बदलायचा नव्हता, आरोपाचा आकार बदलायचा होता.

दुपारी बॅकअपचं काम मूळ ज्याने बसवलं होतं त्या मुलाला एकट्याला भेटले. गटासमोर जे बोलायचं त्यात एखाद्याचा वाटा जास्त असेल, तर त्याला ते आधी एकट्यात कळलं पाहिजे, यावर माझा फार विश्वास आहे. नाहीतर बैठकीत त्याचा चेहरा बघायचा की आपलं वाक्य पुरं करायचं, या कात्रीत आपणही सापडतो. मी त्याला विचारलं, ‘‘तुला तो अलर्ट दिसला होता का?’’ सुरुवातीला ‘‘का नाही बघितलास?’’ असं तोंडावर आलं होतं. ‘का’ने सुरू झालेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सफाई असते, म्हणून ते गिळलं.

तो म्हणाला, ‘‘दोनदा दिसला. मला वाटलं, नेहमीचाच आहे, उशिराचा.’’

‘‘हे मी चार वाजता सांगितलं तर चालेल? नाव न घेता.’’

तो जरा थांबला. ‘‘नको. मीच सांगतो.’’

मग तीन वाजता तिसरा मसुदा लिहिला. या कामासाठी प्रशिक्षणांमध्ये एक ठरलेला साचा शिकवतात: प्रसंग सांगा, वर्तन सांगा, परिणाम सांगा. तो ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेचा आहे आणि चांगला आहे. एकट्या माणसाशी बोलताना तो मला नेहमी कामाला येतो. गटासमोर मात्र त्यातलं मधलं खण अडचणीचं होतं, कारण सात जणांचं एक वर्तन नसतं. म्हणून मी तिथे वर्तनाऐवजी घटनाक्रम ठेवला आणि त्यात माझा भाग आधी घातला.

क्रियापदं निवडताना फार वेळ गेला, पण मजाही आली. आपल्याकडे जोड्या आहेत: फुटणं आणि फोडणं, सुटणं आणि सोडणं, तुटणं आणि तोडणं. ‘कप फुटला’ म्हटलं की कपाची बातमी होते, ‘कप फोडला’ म्हटलं की माणसाची. टीकेला मऊ करायला ही उत्तम सोय आहे: ‘अलर्ट सोडून दिला’ऐवजी ‘अलर्ट सुटला’. पण दुसऱ्या मसुद्यात मी सगळीच क्रियापदं पहिल्या प्रकारची केली होती आणि त्यामुळे सगळं कसं आपोआप झाल्यासारखं वाटत होतं. जणू बॅकअप स्वतःच्या मर्जीने सुट्टीवर गेला. या वेळी वाटणी केली. टीमकडून जे राहिलं त्याला ‘सुटला’. मी जे केलं त्याला ‘मी हलवला’, करणाऱ्यासकट. आणि पुढे जे करायचं त्यालाही करणाऱ्यासकट. तिथे ‘केलं जाईल’ असं एकदाही लिहायचं नाही.

आणखी एक काढलं, ते म्हणजे ‘हवं होतं’. ‘बघायला हवं होतं’ यावर कुणालाच काही करता येत नाही, तो दिवस गेला. ऐकणारा मान डोलावतो किंवा चिडतो, एवढंच. जिथे जिथे ‘हवं होतं’ होतं तिथे तिथे मी स्वतःला विचारलं, मग उद्यापासून काय? उत्तर निघालं तर ते लिहिलं, नाही निघालं तर वाक्य कापलं.

झालेला मसुदा असा:

«आज मला बॅकअपबद्दल बोलायचं आहे. कोण चुकलं ते शोधायला आपण जमलेलो नाही. तो पुन्हा पडला तर पहिल्या सकाळी कळावं, यासाठी जमलोय. अकरा रात्री बॅकअप झाला नाही. अलर्ट अकराही दिवस आला. तो आपल्या सगळ्यांकडून सुटला, माझ्याकडूनही. तीन महिन्यांपूर्वी अलर्ट ईमेलवरून मी चॅनेलवर हलवले आणि पाळी बंद केली. त्यामुळे बघायचं काम कुणा एकाचं राहिलं नाही. ग्राहकाला त्यांचा डेटा वेळेत मिळाला नाही आणि दोघांना दोन रात्री जागावं लागलं. हे गंभीर आहे. आता दोन गोष्टी मी करते आणि एक तुम्हाला मागते. पाळी सोमवारपासून परत सुरू करते. बॅकअप पडल्याच्या अलर्टला लाल रंग आणि वेगळं नाव देते. तुमच्याकडून एवढंच हवंय: लाल अलर्ट ज्याला आधी दिसेल त्याने त्याखाली ‘मी बघतोय’ किंवा ‘मी बघतेय’ एवढं लिहायचं. पाळी कुणाचीही असो.»

शंभराहून थोडे जास्त शब्द. सगळ्यात लांब वाक्य एका श्वासात आरामात बसतं. ‘हे गंभीर आहे’ हे वाक्य मैत्रिणीला दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा तिने मुद्दाम ठेवायला लावलं. ती म्हणाली, एवढं शांत बोलल्यावर एखाद्याला वाटेल की चालतंय सगळं.

रेकॉर्ड करून ऐकलं. एकच गोष्ट खटकली. वाक्याच्या शेवटी माझा स्वर वर जात होता, प्रश्न विचारल्यासारखा. ‘अकरा रात्री बॅकअप झाला नाही?’ असं ते ऐकू येत होतं, म्हणजे मला उत्तर हवंय. म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली खाली जाणारी एक तिरकी रेघ मारली आणि ‘गंभीर आहे’ नंतर दोन उभ्या रेघा, म्हणजे थांब. गाणं शिकणाऱ्याच्या वहीसारखा तो कागद दिसायला लागला. तो न्यायचा नाही हे ठरलेलं होतं. हातात कागद असला की डोळे कागदावर जातात आणि टीका वाचून दाखवली की ती नोटीस होते. चार मुद्दे तेवढे एका चिठ्ठीवर लिहिले: अकरा, मी हलवले, परिणाम, मी बघतोय.

चार वाजता बोलले. तीन मिनिटंही लागली नसतील. पहिलं अर्धं ठरल्याप्रमाणे गेलं. मग ‘सगळ्यांकडून सुटला’ म्हटल्यावर समोर बसलेल्या एकाने भुवया उंचावल्या. बस, तेवढं मला पुरलं. ठरवलेलं नसताना माझ्या तोंडून निघालं, ‘‘म्हणजे रोज समोर येणारा मेसेज वाचायलाच हवा ना?’’

तोच तो ‘च’. वर ‘ना’. काल रात्रीपासून सतरा काढले आणि अठरावा बैठकीत घातला. खोली लगेच बदलते हे दिसतं. दोघांनी खुर्चीत मागे टेकलं, एक जण फोन उलटा करून सरळ करायला लागला. मी चिठ्ठीकडे बघितलं, एक श्वास घेतला आणि म्हटलं, ‘‘हे मी नीट बोलले नाही. परत सांगते. तो मेसेज रोजच्या पिवळ्या मेसेजसारखाच दिसत होता, म्हणून तो सुटला.’’ लांबलचक माफी मागायचा मोह झाला होता. मागितली असती तर पुढची पाच मिनिटं माझी समजूत काढण्यात गेली असती.

त्यानंतर तो मुलगा बोलला. ‘‘मला दोनदा दिसला होता. शेवटचा आकडा मी वाचला नाही.’’ एवढंच. आणि मग टीममधल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई, ज्या अशा बैठकीत सहसा गप्प असतात, म्हणाल्या, ‘‘मलाही दिसला होता. मला वाटलं तू बघत असशील, काम तुझं आहे म्हणून.’’ तो म्हणाला, ‘‘मला वाटलं मॅडम, तुम्ही बघताय, तुम्ही रोज लवकर येता.’’ यावर कुणीतरी हसलं आणि ते हसणं चांगलं होतं. पहिला मसुदा वाचून दाखवला असता तर या दोन गोष्टी बाहेर आल्या नसत्या, याची मला खात्री आहे. ‘काही जणांच्या दुर्लक्षामुळे’ ऐकल्यावर कोण सांगेल, की मला दिसला होता?

भुवया उंचावणारा मात्र शेवटी म्हणालाच, ‘‘मला एकदाही दिसला नव्हता. चॅनेल मी म्यूट केलंय.’’ थोडा उद्धट सूर होता. यावर मसुद्यात काही तयारी नव्हती. मी म्हटलं, ‘‘बरं झालं सांगितलंस. लाल अलर्ट म्यूट होणार नाहीत अशा वेगळ्या चॅनेलवर टाकते.’’ तो मुद्दा खराच उपयोगी होता, फक्त सूर तसा होता. त्याच्याशी नंतर एकट्यात बोलायचं ठरवलं आणि ते बोलणं फारसं चांगलं झालं नाही. त्याला अजूनही वाटतं, की तो संबंध नसताना ओढला गेला. ‘सगळ्यांकडून’ हा शब्द त्याच्या बाबतीत बरोबर नव्हता, हे मला मान्य करावं लागलं. ‘आपल्यातल्या ज्यांना दिसला त्यांच्याकडून’ असं म्हणता आलं असतं का? तेही परत ‘काही जण’च झालं असतं. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पाळी सोमवारी सुरू झाली. नंतरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सहा पन्नासला फोन वाजला. नव्या चॅनेलवर लाल ओळ, बॅकअप पडलाय. मी उठून बसले, लॅपटॉप ओढला आणि तेवढ्यात त्याखाली एक ओळ आली: ‘मी बघतोय.’ त्या दिवशी त्याची पाळी नव्हती. तो तोच होता, चॅनेल म्यूट करणारा. मी ‘थँक्यू’ टाइप केलं, मग पुसलं. सव्वासातला त्याने लिहिलं, नेटवर्क दोन मिनिटं गेलं होतं, बॅकअप परत चालवलाय, तासाभरात होईल. तेव्हा मी थँक्यू पाठवलं.